घरगुती डबा, आठ महिन्यांनंतर: बंद करताना झालेला हिशेब आणि तीसने भागण्याचा प्रश्न

कोथरूडमधल्या एका काकूंकडून दुपारचा डबा मी गेल्या ऑक्टोबरपासून घेत होतो आणि याच जूनच्या मध्यावर तो बंद केला. पत्नीची बदली पुण्यात झाल्यामुळे घरी स्वयंपाक सुरू झाला, एवढेच त्यामागचे कारण होते. डब्यात काय असते हे अशा डब्यावर जेवणाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. तीन पोळ्या, सुकी भाजी, आमटी किंवा उसळ, भात आणि कोशिंबीर, रविवारी सुट्टी, महिन्याला 2,860 रुपये आगाऊ, आणि दोन स्टीलच्या डब्यांची 600 रुपये अनामत. पोळ्या उत्तम, भाज्या ठीक, आमटी आठवड्याच्या शेवटी पातळ होत जाणारी. यापलीकडे जेवणाविषयी लिहिण्यासारखे नाही. लिहायचे आहे ते हिशेबाविषयी, कारण माझे या सेवेशी असलेले एकमेव भांडण हिशेबाचे होते आणि ते मी पहिल्या महिन्यापासून मनात धरून होतो.

महिन्यात साधारण सव्वीस डबे येतात. 2,860 भागिले 26 म्हणजे एका डब्याचे 110 रुपये होतात. काकू मात्र खाडा वजा करताना महिन्याला तीसने भागतात, म्हणजे एका खाड्याचे सुमारे 95 रुपयेच कापले जातात. रविवारी डबा येत नाही, तरी खाड्याचा दर काढताना रविवार मोजले जातात, ही गोष्ट मला कोणत्याही बाजूने पटेना. रक्कम खाड्यामागे पंधरा रुपयांची आहे हे मला ठाऊक होते. पण दर महिन्याला दोन-तीन खाडे होतातच, आणि ज्याचा भागाकार चुकतो त्याचा गुणाकारही कधीतरी चुकेल, अशी माझी धारणा होती. आमटी पातळ आहे हे मी महिनोन्‌महिने सहन केले, भागाकार मात्र सहन झाला नाही.

डिसेंबरमध्ये मी हा विषय काढला तेव्हा काकूंनी वही बंद करून शांतपणे उत्तर दिले, "खाडा तुमचा असतो, पण डबा पोहोचवणाऱ्या मुलाला मी डब्यामागे महिन्याचे ठरवून देते. त्याचे पैसे तुमच्या खाड्याने कमी होत नाहीत. गॅस, भाडे, मदतीला येणाऱ्या बाईंचा पगार, यातले काहीच कमी होत नाही. तुमच्या खाड्याने वाचते ती कणीक आणि भाजी." हे म्हणणे खोटे नव्हते. काकूंच्या खर्चाचा विचार केला तर खाड्याचे 95 रुपये कापणे उदारपणाचेच ठरते. माझा आक्षेप त्यानंतर एवढाच उरला की असे असेल तर खाड्याचा दर सरळ ठरवून सांगावा, तो तीसच्या भागाकारात लपवू नये. पुढे डबा बंद करताना मी दोन्ही पद्धतींनी आकडे मांडून पाहिले आणि हा आक्षेपही बराचसा बोथट झाला.

महिन्याच्या मध्ये डबा बंद करणाऱ्यांसाठी तो हिशेब इथे पूर्ण देतो. जूनची पहिली तारीख सोमवारी होती आणि शेवटचा डबा गुरुवारी, 18 तारखेला घ्यायचा ठरला. या अठरा दिवसांत दोन रविवार गेले, म्हणजे डब्याचे दिवस सोळा. त्यातले तीन दिवस मी बाहेरगावी होतो आणि तसे आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवले होते, त्यामुळे ते खाडे धरले गेले. एक दिवस मुसळधार पावसामुळे डबाच आला नाही. तो त्यांच्या बाजूचा खाडा असल्याने त्याचे पैसे लागत नाहीत, आणि काकूंनी तो वहीत स्वतःहून लिहिला होता. आणखी एका दिवशी मी सकाळी साडेनऊला डबा नको म्हणून कळवले, पण तोवर भाजी फोडणीला पडलेली असते, त्यामुळे तो डबा घेतला असेच धरायचे, हा नियम सुरुवातीपासून माहीत होता.

माझ्या पद्धतीने सोळातून चार गेले की बारा डबे राहतात, आणि 110 रुपयांनी त्यांचे 1,320 होतात. काकूंच्या पद्धतीने अठरा दिवसांचे, तीसने भागलेल्या दराने, 1,716 आणि त्यातून चार खाड्यांचे 381 वजा करून सुमारे 1,335 होतात. ज्या भागाकारावर मी हिवाळाभर कुढत होतो, त्याने अखेरच्या हिशेबात पंधरा रुपयांचा फरक पडला. कारण असे की या वेळी महिना अर्धवट सोडताना तीसचा दर माझ्या बाजूने काम करत होता. खाडे नसते तर मला सोळा डब्यांचे 1,760 ऐवजी 1,716 च द्यावे लागले असते. खाड्यात मी हरत होतो आणि या वेळी बंद करताना जिंकलो. फक्त एक गोष्ट पाहावी. जिथे तीसने भागतात तिथे बंद करण्याची तारीख शनिवारची किंवा त्याआधीची घ्यावी, कारण रविवारपर्यंत म्हणून तारीख दिली तर न आलेल्या डब्याचेही 95 रुपये हिशेबात येतात.

आता प्रत्यक्ष बंद करण्याविषयी. मी शेवटच्या डब्याच्या एक आठवडा आधी काकूंना फोन केला. आठवड्याची सूचना ही नुसती रीत नाही. किराणा महिन्याच्या सुरुवातीला भरलेला असतो आणि तो वाया जात नाही, परंतु पोहोचवणाऱ्या मुलाचा फेरा माणसे मोजून बांधलेला असतो, आणि एक घर कमी झाले की त्याच वाटेवर दुसरे घर मिळेपर्यंत त्याचे नुकसान काकूंना सोसावे लागते. (मुंबईत डबेवाल्याकडून डबा घेणाऱ्यांना तर अनेकदा दोन हिशेब मिटवावे लागतात, एक जेवण बनवणाऱ्याचा आणि एक आणणाऱ्याचा.) फोनवर काकूंनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणे विचारला, "जेवणात काही कमी पडले का?" अशा वेळी साठवून ठेवलेल्या तक्रारी काढू नयेत असे माझे ठाम मत आहे. आमटीविषयी मी फेब्रुवारीत बोललो होतो, तेव्हा ती सुधारण्याला काही अर्थ होता. जाताना बोललो असतो तर ते फक्त पैसे कमी देण्याचे निमित्त वाटले असते. मी खरे कारण सांगितले आणि तिथेच थांबलो.

फोननंतर लगेच एक निरोप लिहून पाठवला: "काकू, ठरल्याप्रमाणे शेवटचा डबा गुरुवार, 18 तारखेचा. शुक्रवार, 19 तारखेपासून डबा नको. हिशेबाला शनिवारी संध्याकाळी येतो." दोन्ही तारखा वारासकट लिहिण्याचे कारण असे की माझ्या एका सहकाऱ्याने दुसरीकडे नुसते "18 पासून बंद" असे कळवले होते, आणि 18 चा डबा दारात येऊन पडला. त्याने तो घेतला नाही, तिकडच्यांनी त्याचे पैसे लावले, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

डबे परत करणे हा या सगळ्यातला सर्वांत किचकट भाग निघाला. रोज भरलेला डबा येतो आणि कालचा रिकामा जातो, त्यामुळे शेवटच्या दिवशी एक रिकामा डबा तुमच्याकडे राहतोच, आणि त्यानंतर मुलगा तुमच्या दाराशी येणार नसतो. तो डबा मी शनिवारी स्वतः नेऊन दिला. प्रत्येक डब्याच्या तळाशी ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असतो. माझा नऊ क्रमांक होता, परंतु परत केलेल्या डब्यातली वरची डबी चौदा क्रमांकाची निघाली आणि तिला झाकण नव्हते. झाकण सुटे विकत मिळत नाही, पूर्ण डबी घ्यावी लागते, म्हणून काकूंनी आधी 80 रुपये कापण्याचे म्हटले. डबी चौदा क्रमांकाची आहे, म्हणजे अदलाबदल धुण्याच्या जागी झाली असणार, हे दाखवल्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला. नवीन डबा लावणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येक डबीचा क्रमांक आणि झाकण पाहून घ्यावे. मी घरात हजर असताना आलेल्या डब्यांचे क्रमांक कधीच पाहत नसे, कारण भूक लागलेली असते.

उरलेल्या पैशांचे असे झाले. 2,860 मधून काकूंच्या हिशेबाचे 1,335 आणि जादा घेतलेल्या चार पोळ्यांचे 40 वजा जाऊन 1,485 परत येणे होते, आणि 600 अनामत वेगळी. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पहिल्या तारखेला आलेले आगाऊ पैसे त्याच आठवड्यात किराण्यात गेलेले असतात, त्यामुळे वीस तारखेला परत मिळणारी रक्कम त्या घराच्या चालू खर्चातून निघते. म्हणून मी आपणहून सांगितले की राहिलेले पैसे आज द्या आणि अनामत पुढच्या महिन्याचे पैसे जमा झाले की द्या. काकूंच्या चेहऱ्यावरचा ताण त्यासरशी गेला. याआधीच्या एका सेवेने महिना मध्ये सोडल्यावर काहीच परत केले नव्हते आणि मी तिथे वाद घातला होता. इथे एवढ्या एका सवलतीने वाद सुरूच झाला नाही. अनामत जुलैच्या पहिल्या आठवड्यात न मागता खात्यावर आली.

शनिवारी मात्र काकूंनी 1,485 न देता पूर्ण 1,500 रुपये हातावर ठेवले आणि "सुट्टे नाहीत, राहू द्या" म्हणाल्या. माझ्या 26 च्या हिशेबाने येणे होते ते नेमके तेवढेच. त्यांनी ते मुद्दाम केले की खरोखरच सुट्टे नव्हते, हे मी विचारले नाही. पोहोचवणाऱ्या मुलाला मी शेवटच्या दिवशी 100 रुपये वेगळे दिले होते. ते काकूंच्या हिशेबात आले नाहीत आणि येऊही नयेत.

माझ्या जागी आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्याने आता डबा लावला आहे. सुरू करण्याआधी खाड्याचा दर किती ते विचारून घ्या, असे मी त्याला बजावले होते. त्याने विचारले. काकू म्हणाल्या, "तीसनेच भागते, आधीच्यांनाही तसेच सांगितले होते."