उजेडाच्या हॉलमध्ये एलईडी प्रोजेक्टर: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीत घेतलेला प्रोजेक्टर आता कडक उन्हाळ्यातही वापरून झाला आहे. किंमत पंधरा हजारांच्या आत. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बऱ्याच यंत्रांना हेच लागू पडेल. घर लातूरला, हॉलच्या पूर्वेला मोठी खिडकी. रात्री चित्र झकास दिसतं, त्यावर वेगळं लिहायला नको. खरा प्रश्न दिवसाचा आहे.

खोक्यावर लुमेनचा हजारोंतला आकडा ठळक छापलाय आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ३०० एएनएसआय लुमेन. हिशोबाला दुसराच आकडा धरावा, तो ठरलेल्या पद्धतीने मोजलेला असतो. १०० इंची चित्राचं क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर होतं. ३०० लुमेन त्यावर पसरले की भिंतीवर जेमतेम ११० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला ११० लुमेन, पडतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर सकाळी अकरा वाजता, प्रोजेक्टर बंद असताना, मोबाइलच्या ॲपने २५० च्या आसपास लक्स दाखवले. ॲप अगदी अचूक नसतं, पण तुलनेला पुरतं. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. भिंतीवर आधीच जेवढा उजेड आहे, तेवढंच आपलं काळं. म्हणजे काळं २५० आणि पांढरं ३६०. एवढ्याशा फरकात माणसांचे चेहरे कसेबसे ओळखू येतात, रात्रीचा प्रसंग असला की काहीच दिसत नाही. सेटिंगमधला ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही, त्याने काळं आणखी करडं होतं.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. चित्र ६० इंचांवर आणलं. क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर झालं आणि तेवढ्याच दिव्याचे ३०० लक्स मिळायला लागले. हे यंत्र भिंतीजवळ आणूनच करायचं. रिमोटवरच्या डिजिटल झूमने चित्र लहान दिसतं, पण उजळ होत नाही, कारण आतल्या, चित्र घडवणाऱ्या पॅनेलचा कडेचा भाग नुसता वाया जातो. दुसरं म्हणजे भिंत बदलली. ज्या भिंतीत खिडकी आहे त्याच भिंतीवर, खिडकीच्या बाजूला, चित्र घेतलं. तिथे थेट उजेड पडत नाही, समोरच्या भिंतीवरून परतून येतो तेवढाच. ॲपवर ९० दिसले. काळं ९०, पांढरं ३९०. खिडकीची तिरीप डोळ्यांवर येते म्हणून जाड पडदा लावला, तेव्हा आकडा २० पर्यंत उतरला आणि चित्राला खरा दम आला.

आता कीस्टोन, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करून देणारी सेटिंग. यंत्र टीपॉयवर ठेवून पुढून उचललं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. कीस्टोनने कडा सरळ होतात, पण त्यासाठी वरचा भाग पॅनेलवरच आखडून काढला जातो. वरची कड खालच्यापेक्षा १.३ पट रुंद असेल, तर १९२० पैकी सुमारे १४८० पिक्सेलच वरच्या ओळीत कामाला येतात. उरलेल्यांवरचा उजेड वाया जातो. रात्री दिवे घालवून काळा पडदा दाखवा: चित्राबाहेर फिकट करडी पाचर दिसते. तोच तो वाया गेलेला भाग. मराठी सबटायटल असतील तर वेलांट्या आणि अनुस्वार आधी फुटतात.

फोकसचं दुखणंही याच तिरकेपणातून येतं. खालची अक्षरं धारदार केली की वरची पुसट, वरची केली की खालची. भिंतीचा वरचा भाग लेन्सपासून लांब असतो, आणि कीस्टोन हे अंतर बदलू शकत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: कीस्टोन शून्य, यंत्र समपातळीत, मग पाहा की चित्र लेन्सच्या वर-खाली सारखं पडतंय की सगळं वरच चढतंय. आमच्या यंत्राचं सारखं पडतं, म्हणून लेन्स चित्राच्या मधोमध येईल असं उंच स्टँड घेतलं, भिंतीपासून पावणेदोन मीटरवर. कीस्टोन लागतच नाही. ऑटो कीस्टोन बंद ठेवलाय. फरशीवरून कुणी धपधप चाललं की मध्येच चित्र हलवून घ्यायचा.

तरी कोपरे मध्यासारखे धारदार होत नाहीत, ही लेन्सचीच मर्यादा. मी मध्य आणि कोपरा यांच्या अधेमधे असलेल्या अक्षरांवर फोकस लावते, तेही यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर. गरम झालं की फोकस थोडा सरकतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये जरा जास्तच.

स्टँड खोलीच्या मध्ये येतं, पोरं आडवी गेली की सावली पडते. याला उपाय सापडलेला नाही. दुपारची मॅच पडदा ओढून चांगली दिसते, चेंडूसुद्धा. पडदा उघडा ठेवून सगळ्यांनी बसायचं असेल, तर सासरे टीव्हीच लावतात आणि मीही तिथेच जाऊन बसते.