लांब केबल आणि गोंगाटी मशिनं: आरएस-२३२, नुसती आरएस-४८५ की टर्मिनेशन लावलेली?

इंजेक्शन मोल्डिंगची शेड आहे. एका टोकाला पॅनल, दुसऱ्या टोकाला शेवटचं मशिन, आणि मधल्या ट्रेमधून जाणारी केबल मोजली तर १८० मीटर. वाटेत ११ मशिनं, प्रत्येकाच्या मोटरवर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. सगळ्यांचं तापमान आणि करंट मॉडबस प्रोटोकॉलवर पॅनलमधल्या पीएलसी कंट्रोलरला वाचायचाय. अशा जागी सिरियल जोडणीचे तीनच पर्याय समोर येतात: आरएस-२३२ ओढायची, आरएस-४८५ टाकून टोकं तशीच मोकळी सोडायची, किंवा आरएस-४८५ टाकून दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर, म्हणजे टर्मिनेशन, लावायचे. पहिला पर्याय कोणी गांभीर्याने घेत नाही. पण तो का बाद होतो हे कळलं की उरलेल्या दोघांतली निवड सोपी होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कागदावर बघाल तर आरएस-२३२ जास्त दणकट दिसते. तिचा ड्रायव्हर किमान ५ व्होल्ट देतो आणि रिसीव्हरला ३ व्होल्ट पुरतात. म्हणजे हाताशी २ व्होल्टची शिल्लक. आरएस-४८५ चा ड्रायव्हर पूर्ण भारावर किमान १.५ व्होल्टची हमी देतो, रिसीव्हरला ०.२ व्होल्ट लागतात, शिल्लक १.३ व्होल्ट. मग ओरडणारी तार हरते आणि कुजबुजणारी जोडी जिंकते, असं का?

कारण रिसीव्हर व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजतो, यावर सगळं अवलंबून आहे. आरएस-२३२ मध्ये तो स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत मोजतो. पॅनलचं ग्राउंड आणि १८० मीटर लांबच्या मशिनचं ग्राउंड एकच आहे, असं ती पद्धत गृहीत धरते. व्हीएफडी असलेल्या शेडमध्ये हे गृहीतक टिकत नाही. ड्राइव्हमधले आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी मोटरच्या केबलमधून, तिच्या आवरणाशी असलेल्या कपॅसिटन्समधून, करंटचा एक झटका अर्थिंगमध्ये उतरतो. तो परत ड्राइव्हकडे जाताना वाटेतल्या प्रत्येक लोखंडावर आणि तारेवर थोडं व्होल्टेज सोडून जातो. सिग्नल ग्राउंडची तार दोन्ही टोकांच्या अर्थला जोडलेली असली की यातला काही करंट तिच्यातूनही धावतो. दोन टोकांत क्षणभर ४ व्होल्टचा फरक पडला, तर ड्रायव्हरने पाठवलेले ५ व्होल्ट पलीकडे १ व्होल्ट म्हणून पोहोचतात. रिसीव्हरला ३ हवे होते. बाइट गेला.

आरएस-४८५ चा रिसीव्हर ग्राउंडकडे बघतच नाही, तो एका तारेतून दुसरी वजा करतो. तोच ४ व्होल्टचा धक्का दोन्ही तारांना सारखाच बसतो आणि वजाबाकीत निघून जातो. तारांना पीळ देण्याचं कारणही हेच. शेजारून मोटरची केबल गेली, तर तिचं चुंबकीय क्षेत्र दर अर्ध्या पिळाला उलट दिशेचं व्होल्टेज निर्माण करतं आणि पुढच्या अर्ध्या पिळात ते फिटतं. म्हणून सिग्नलच्या दोन तारा, ए आणि बी, एकाच जोडीतल्या असायला हव्यात. चार जोड्यांची कॅट-५ केबल हाती आली की रंग जुळवण्याच्या नादात एक तार एका जोडीतून आणि दुसरी दुसऱ्या जोडीतून घेणारे इलेक्ट्रिशियन मी पाहिलेत. टेबलावर ती लाइन झकास चालते, शेडमध्ये चालत नाही.

यालाही मर्यादा आहे. दोन्ही तारा मिळून रिसीव्हरच्या ग्राउंडपासून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आतच राहायला हव्यात. त्याबाहेर गेल्या की रिसीव्हर चुकीचं वाचतो, आणि फार गेल्या तर जळतो. ‘आरएस-४८५ ला दोनच तारा लागतात’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. तिसरी, कॉमनची तार टाका. शेडच्या दोन टोकांना वेगवेगळी अर्थिंग असेल, तर आयसोलेशन असलेला कन्व्हर्टर वापरा.

पहिला पर्याय संपला. आता खरा प्रश्न: टोकं मोकळी ठेवायची की १२० ओहम लावायचे?

पीळ दिलेल्या तारेत सिग्नल ढोबळमानाने मीटरला ५ नॅनोसेकंद घेतो. १८० मीटर म्हणजे ०.९ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन १.८. अशा जोडीचा कॅरेक्टरिस्टिक इम्पिडन्स १०० ते १२० ओहम असतो. टोकाला तेवढाच रोध असेल तर लाट त्यात जिरते. टोक मोकळं असेल तर ती पूर्णच्या पूर्ण परत फिरते आणि ड्रायव्हरकडे येऊन उलटी होऊन पुन्हा निघते.

आकडे घालून बघू. ड्रायव्हर आतून ३० ओहमचा धरा, मोकळ्या लाइनवर उणे ३ वरून अधिक ३ व्होल्टवर उडी मारणारा. केबलमधली घट मोजलेली नाही, ती या उसळ्या थोड्या बोथट करते. लांबच्या टोकाला या उडीची कडा पोहोचल्यापासून रिसीव्हरला दिसतं ते असं:

| कडा पोहोचल्यानंतरचा वेळ | टोक मोकळं | दोन्ही टोकांना १२० ओहम |
|---|---|---|
| ० ते १.८ मायक्रोसेकंद | ६.६ व्होल्ट | २ व्होल्ट |
| १.८ ते ३.६ | ०.८ व्होल्ट | २ व्होल्ट |
| ३.६ ते ५.४ | ४.३ व्होल्ट | २ व्होल्ट |
| ५.४ ते ७.२ | २.२ व्होल्ट | २ व्होल्ट |

मोकळ्या टोकाची लाइन शेवटी ३ व्होल्टवर स्थिरावते. टर्मिनेशन लावलेली पहिल्या क्षणापासून २ वर असते. आता या तक्त्यावर बिटचा वेळ ठेवा. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो आणि यूएआरटी, म्हणजे बिट वाचणारं सर्किट, त्याच्या मध्यावर, ५२ मायक्रोसेकंदांनी वाचतो. तोवर लाट २८ फेऱ्या मारून केव्हाच मेलेली असते. मोकळ्या टोकाचं इथे काही बिघडत नाही, उलट २ ऐवजी ३ व्होल्ट मिळतात. १,१५,२०० बॉडला बिटचा मध्य ४.३ मायक्रोसेकंदांवर येतो, उसळ्यांच्या ऐन मध्यात. माझ्या उदाहरणात तिथे ४.३ व्होल्ट आहेत, म्हणजे वाचन बरोबर येईल. पण केबल थोडी लांब झाली तर तोच मध्य ०.८ व्होल्टच्या खड्ड्यात पडतो आणि शिल्लक फक्त ०.६ व्होल्ट राहते. ड्रायव्हर ३० ऐवजी १० ओहमचा असेल तर पहिला खड्डा थेट शून्याच्या खाली जातो.

मोकळं टोक लाइन लगेच पाडत नाही, ते शिल्लक खातं. म्हणून रात्री, मशिनं बंद असताना चाचणी घेतली की सगळं ठीक असतं आणि सकाळी पाळी सुरू झाली की सीआरसीच्या, म्हणजे संदेशाच्या पडताळणीच्या, चुका येतात.

माझं मत: १८०-२०० मीटरपर्यंत ९६०० किंवा १९,२०० वर चालवायचं असेल, तर टर्मिनेशनशिवाय खुशाल चालवा. इथे बरेच लोक नाक मुरडतील, कारण प्रत्येक मॅन्युअलमध्ये १२० ओहमचं चित्र असतं. पण टर्मिनेशनची किंमत असते, आणि ती त्या चित्रात दिसत नाही.

ती किंमत अशी. मॉडबसवर कोणीच बोलत नसतं तेव्हा सगळे ड्रायव्हर लाइन सोडून देतात. त्या वेळी लाइन ‘१’ दिसावी म्हणून एक रेझिस्टर ५ व्होल्टकडे आणि एक ग्राउंडकडे लावतात. याला बायस म्हणतात. मोकळ्या लाइनवर ४.७ किलोओहमची जोडीही चालून जाते, कारण तिला ओढणारं फारसं काही नसतं. आता दोन्ही टोकांना १२० लावले की ए आणि बी मध्ये ६० ओहम येतात, आणि उरतं:

```
5 × 60 / (4700 + 4700 + 60) = 0.032 V
```

रिसीव्हरला २०० मिलिव्होल्ट हवेत, मिळाले ३२. लाइन अधांतरी, आणि जरा खरखर झाली की नसलेला स्टार्ट बिट उगवतो. एका कामात मी स्वतः असाच अडकलो होतो. चुका कमी व्हाव्यात म्हणून टर्मिनेशन लावलं आणि चुका वाढल्या. बायस ६८० ओहमचा केला की त्याच हिशेबाने २११ मिलिव्होल्ट मिळतात, जेमतेम उंबरठ्यापलीकडे. आताचे बरेच ट्रान्सीव्हर शून्य व्होल्टलाही ‘१’ समजतात, तिथे हा त्रास होत नाही. पण ११ उपकरणांतल्या प्रत्येकात कोणती चिप आहे हे कोण उघडून बघतं? थोडक्यात, टर्मिनेशन लावायचं तर बायसही बदला, नाहीतर दोन्ही राहू द्या.

वेग वाढवायचा असेल किंवा केबल पाचशे-हजार मीटरची असेल, तर मात्र पर्याय तिसराच. तिथे १२० ओहम फक्त दोन टोकांना लावायचे, प्रत्येक उपकरणाला नाही. हल्लीच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये टर्मिनेशनचा छोटा स्विच असतो आणि मधल्याच कुठल्यातरी मशिनवर तो चालू राहून जातो. तपासणी सोपी आहे: सगळ्या उपकरणांची वीज बंद करून ए आणि बी मध्ये मल्टीमीटर लावा. ६० च्या आसपास आलं तर बरोबर (६८० चा बायस असेल तर ५७-५८ दिसतील), १२० आलं तर एक टोक राहिलंय, ४० आलं तर तिसरा कुठेतरी लपलाय. कॅट-५ चा इम्पिडन्स १०० असला तरी १२० लावायला हरकत नाही, जेमतेम ९ टक्के लाट परत येते.

तारेची मांडणीही बघा. मुख्य केबल एका मशिनवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्या. पॅनलमधून प्रत्येक मशिनला वेगळी केबल नेलीत, तर टोकं दोन न राहता ११ होतात आणि १२० कुठे लावायचे या प्रश्नाला उत्तरच उरत नाही. मशिनपर्यंतचा छोटा फाटा किती लांब चालेल हे ड्रायव्हरच्या कडेच्या वेगावर ठरतं. ३० नॅनोसेकंदांत चढणाऱ्या चिपला अर्ध्या मीटरच्या आसपास, तर मुद्दाम मंद केलेल्या चिपला काही मीटर सहज. बॉड रेट कमी केल्याने कड मंद होत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

आधीच टाकलेली लाइन त्रास देत असेल, तर नवीन काही लावण्याआधी चुका कधी येतात ते पाहा. मोटरी चालू झाल्या की येतात आणि वेग ९६०० केला तरी थांबत नाहीत, तर जोडी, कॉमनची तार आणि शील्ड बघा, १२० ओहमचा तिथे उपयोग नाही. वेग कमी केल्यावर गायब होतात, तर टोकं बघा. आणि उत्तराच्या आधी एखादा फालतू बाइट येत असेल, तर बायस मोजा: सगळी उपकरणं चालू, पीएलसीचं वाचन थांबवलेलं, आणि ए-बी मध्ये डीसी व्होल्टमीटर. काही कंपन्या ए आणि बी ही नावं उलटी छापतात, त्यामुळे उणे आकडा दिसला तर आधी तारा अदलाबदल करून बघा.