उरलेला भात: रात्री पाण्यात घालावा की फ्रीजमध्ये ठेवावा?

रात्रीचा भात सकाळी खायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ओडिशातला बासी पखाळ: भात रात्रभर पाण्यात आंबवून सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर खायचा. दुसरा आपला नेहमीचा, फ्रीजमध्ये ठेवून फोडणीला टाकायचा. कुठला निवडायचा हे चवीपेक्षा भात शिजल्यावर किती वेळ बाहेर होता यावर ठरवावं.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही टिकतात. कोमट भातात ते रुजतात, वाढतात, आणि त्यातले काही उलटी आणणारं विष तयार करतात. हे विष फोडणी देऊन किंवा पुन्हा उकळून जात नाही. त्याला वास नाही, चवही नाही. म्हणून दुपारी एकला शिजलेला भात रात्री दहापर्यंत कुकरमध्येच राहिला असेल, तर तो फेकून द्यावा. त्याला दोन्ही रस्ते बंद.

भात आठला शिजून साडेनऊला जेवणं झाली असतील, तर पखाळ जमतो. भात परातीत पसरून पंख्याखाली गार करा. एक वाटी भाताला दोन वाट्या उकळून गार केलेलं पाणी आणि एक चमचा ताजं आंबट दही घालून ढवळा. सगळा भात पाण्याखाली बुडाला पाहिजे. नुसत्या पाण्यातही भात आंबतो, पण आम्लता यायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात नको ते जिवाणू वाढू शकतात. विरजणाने ही फट कमी होते. उकड्या तांदळाचा भात शितं धरून राहतो, साध्या तांदळाचा लगदा होतो. मीठ सकाळीच घाला. वरण कालवलेला भात किंवा पुलाव भिजवू नका.

उकाड्यात आठ ते दहा तास पुरतात. पुण्याच्या डिसेंबरात सकाळी पाणी आंबट लागलंच नाही, तर आणखी ठेवून वाट पाहू नका, टाकून द्या. थंडीत फ्रीजच बरा. चांगल्या पखाळाला ताकासारखा आंबूस वास येतो. बोटाला तार सुटली, गुलाबी-काळे ठिपके दिसले, कुजका वास आला, तर वरचं पाणी ओतून धुण्यात अर्थ नाही. मात्र आंबट वास आला म्हणून आदल्या दिवशीची हयगय भरून निघत नाही, कारण आधी तयार झालेलं विष आम्लानेही जात नाही.

फ्रीजचा रस्ता सोपा आहे: शिजल्यापासून दोन तासांच्या आत उथळ डब्यात आत, सकाळी वाफ येईपर्यंत गरम करून लगेच पानात. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर आम्ही त्यांना पखाळ देऊ नये असंच सांगू. बाकीच्यांनी उन्हाळ्यात पखाळ जरूर करावा, आणि उरलाच तर दुपारपर्यंत संपवावा.