आबाजींच्या पंचाहत्तरीत नातीने म्हणायच्या तीन ओळी : यमक, प्रश्न की साधे बोलणे?

येत्या काही दिवसांत ज्यांच्या घरी पंचाहत्तरी, साक्षगंध किंवा बारसे आहे आणि दुसरीतल्या मुलाच्या हाती माईक द्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते, त्यामुळे सात वर्षांच्या मुलांचे पाठांतर माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तरीही ओळींची निवड किती महत्त्वाची असते, हे मला गेल्या जानेवारीत आमच्या वडिलांच्या पंचाहत्तरीच्या वेळी नीट उमगले. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी, घरासमोरच्या अंगणात बिछायतवाल्याने मंडप टाकला होता, दीडशे पानांचा स्वयंपाक होता आणि माझ्या भाचीने तीन ओळी म्हणायच्या होत्या.

माझ्या भावाने फोनवर आलेला एक मजकूर तिला आधीच दिला होता. ‘आपल्या अमृतमहोत्सवी वर्षानिमित्त आम्हा सर्व नातवंडांतर्फे आपणास हार्दिक शुभेच्छा’ अशी त्याची सुरुवात होती. या प्रकाराचा विचार मी तुलनेत करत नाही, कारण तो पहिल्याच संध्याकाळी बाद झाला. सात वर्षांच्या मुलांचे समोरचे दात पडलेले किंवा अर्धवट आलेले असतात आणि भाचीचे वरचे दोन्ही दात नव्हते. ‘अमृतमहोत्सवी’मधला ‘त्स’ तिच्या तोंडून शिटीसारखा निघे, मग ती स्वतःच हसे आणि पुढचे विसरे. मुलाला दिलेली ओळ त्याने न अडखळता तीनदा म्हणून दाखवावी; एकाच शब्दावर दोनदा अडले, तर तो शब्द बदलावा, मुलाला दोष देऊ नये.

त्यानंतर मी तीन तऱ्हा तयार केल्या.

पहिली तऱ्हा यमकाची होती. ‘आबाजींचे बोट धरू, वावरात फेरी करू, ओंजळीत बोरं भरू.’ प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. छोट्या अभंगाच्या चरणातही आठच अक्षरे असतात, त्यामुळे घरात भजन ऐकणाऱ्या मुलाच्या कानाला हा ताल नवा नसतो आणि ओळ एका श्वासात आरामात संपते. भाचीला या ओळी दहा मिनिटांत पाठ झाल्या, आणि इतक्या लवकर पाठ होणे हा यमकाचा खरा फायदा आहे.

मात्र यमकाचा दोषही त्याच गुणातून निघतो. तिन्ही ओळी ‘रू’वर संपत असल्याने कानाला त्या सारख्याच लागतात, आणि मूल पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारते. आपले काही सुटले, हे त्याला कळतही नाही, कारण यमक जुळलेलेच असते. यावर थोडा उपाय आहे : ओळींमध्ये घडण्याचा क्रम ठेवावा. आधी बोट धरले जाते, मग वावरात जाणे होते आणि बोरे शेवटी येतात, म्हणून येथे उडी मारली तरी निदान उलटसुलट होत नाही. दुसरी अडचण चालीची आहे. यमक मिळाले की मूल पाढे म्हटल्यासारखे एका सुरात आणि भराभर म्हणते. पंधरा सेकंदांचे बोलणे सहा सेकंदांत संपते आणि मागच्या बाजूला बसलेल्यांना केवळ ‘रू, रू, रू’ ऐकू येते. शिवाय या ओळी कोणत्याही आबाजींना चालतील अशा आहेत, आणि माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे.

दुसरी तऱ्हा प्रश्नांची होती. मुलीने विचारायचे, मंडपाने उत्तर द्यायचे. ‘आमचे आबाजी किती वर्षांचे झाले?’, ‘आज पंगतीत पहिले पान कोणाचे?’ आणि ‘मग टाळ्या कोणासाठी?’ येथे पाठ करण्याचा भार सर्वांत कमी असतो, कारण मिळालेले उत्तर मुलाला पुढच्या प्रश्नाकडे नेते आणि मध्ये श्वास घ्यायला वेळही मिळतो. कार्यक्रम उद्यावर आलेला असेल आणि तयारी शून्य असेल, तर हीच तऱ्हा घ्यावी, असे मी निःशंकपणे सांगेन.

पण ती दुसऱ्यांच्या भरवशावर चालते. मंडपात अर्धे लोक गप्पांत असतात, स्वयंपाकाकडे धावपळ चाललेली असते, आणि उत्तर आले नाही तर मूल माईक धरून तसेच उभे राहते. समोर पहिल्या रांगेत दोन मोठ्या आवाजाची माणसे आधी सांगून बसवणे हा यावरचा उपाय आहे. आम्ही घरातच याची रंगीत तालीम घेतली, तेव्हा ‘किती वर्षांचे झाले?’ या पहिल्याच प्रश्नावर मोठे बाबा म्हणाले की शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी १ जुलै टाकली आहे, खरे वय दोन वर्षांनी जास्त आहे. त्यावर आजीने हरकत घेतली, आणि भाचीचा दुसरा प्रश्न त्या वादात राहून गेला. ज्या प्रश्नाचे उत्तर घरात एकच आहे, तोच प्रश्न या तऱ्हेत ठेवावा.

तिसरी तऱ्हा साध्या बोलण्याची, आणि तिच्याविषयी मला सविस्तर सांगायचे आहे. येथे मी ओळी लिहिल्या नाहीत, भाचीला विचारले. आबाजी छान आहेत, ते लाड करतात, अशी उत्तरे आधी आली. ती कोणतेही मूल कोणाहीविषयी देते. मग मी विचारले की काल सकाळी आबाजींनी काय केले. तेव्हा तिने सांगितले की ते सायकलवर शाळेत सोडतात आणि गेटपाशी तिच्या डब्याचे झाकण अंगठ्याने दाबून पाहतात, कारण एकदा भाजी दप्तरात सांडली होती. आम्हांला घरात कोणालाही हे ठाऊक नव्हते. त्यातून ओळी अशा ठरल्या : ‘आबाजी मले रोज शाळेत सोडतात. गेटपाशी माझा डबा दाबून पाहतात. आबाजी, दहावीपर्यंत असंच सोडजा.’

भावाला ‘मले’ आणि ‘सोडजा’ पटले नाही. पाहुण्यांसमोर शुद्ध बोलावे, असे त्याचे म्हणणे होते. शिक्षिका म्हणून माझाही आधी तोच कल होता, म्हणून आम्ही दोन्ही प्रकारे म्हणून घेतले. प्रमाण भाषेतल्या ओळीत ‘रोज सकाळी’ असे होते. भाची घरात ‘सकायी’ म्हणते, त्यामुळे त्या शब्दाआधी ती दर वेळी क्षणभर थांबे, जणू उंबरठा पाहून पाय उचलावा तशी. तो थांबा विसरण्याचा नव्हता, मनातल्या भाषांतराचा होता. पण माईकसमोर असा थांबा मिळाला की पुढची ओळ निसटते. आम्ही ‘सकाळी’ काढून टाकला आणि ‘मले’ ठेवला. ज्या घरात मूल मुळातच प्रमाण मराठी बोलते, तेथे अर्थातच ‘मला’ ठेवावे.

या ओळी पाठ व्हायला यमकापेक्षा जास्त वेळ लागला, तीन दिवस गेले. मात्र एकदा बसल्यावर त्या हलल्या नाहीत, कारण त्यांचा क्रम रोजच्या सकाळचाच क्रम होता : आधी सायकल, मग गेट. त्यामुळे डबा आधी आणि सोडणे नंतर, असे तिच्याकडून होणे शक्यच नव्हते. तिसऱ्या ओळीत तिने आबाजींकडे वळून बोलायचे होते, आणि ते वळणेच तिला ओळीची आठवण देत होते.

पाठांतर कोणत्याही तऱ्हेचे असो, शेवटच्या ओळीपासून सुरुवात करावी. पहिल्या दिवशी फक्त तिसरी, दुसऱ्या दिवशी दुसरी आणि तिसरी, तिसऱ्या दिवशी तिन्ही. नेहमीच्या पद्धतीत पहिली ओळ शंभरदा म्हटली जाते आणि शेवटची दहादा, म्हणून मूल जसजसे पुढे जाते तसतशी त्याची जमीन कच्ची होत जाते. उलट क्रमात ते पक्क्या जमिनीकडे चालत जाते. एका बैठकीत वीस वेळा म्हणवून घेण्यापेक्षा शाळेतून आल्यावर, जेवणाआधी आणि झोपताना दोन-दोनदा म्हणवून घ्यावे. पाठ झाले की नाही हे पाहायचे असेल, तर मूल भुईमुगाच्या शेंगा फोडत असताना एकदम ‘डब्याची ओळ काय?’ असे विचारावे. ती एकटी आली तर पाठ झाले. त्यासाठी पहिलीपासून सुरू करावे लागले, तर अजून नाही. याच परीक्षेत भाचीच्या यमकाची मधली ओळ सापडली नव्हती, आणि निर्णय तेथेच झाला.

माईकविषयी थोडे. साउंडवाला गाण्यासाठी इको लावून ठेवतो. आपलाच आवाज क्षणभराने परत ऐकू आला की मूल दचकून थांबते, म्हणून त्या दोन मिनिटांसाठी इको बंद करायला सांगावे. माईक हनुवटीच्या जरा खाली, चार बोटांवर, मोठ्या माणसाने धरावा, आणि मुलाला स्पीकरच्या पेटीसमोर उभे करू नये, नाहीतर शिट्टी वाजते. आठवण देणारा माणूस मागे नको, समोर हवा, आणि त्याने पूर्ण ओळ न सांगता ‘गेटपाशी’ एवढा एकच शब्द ओठांनी दाखवावा.

माझी निवड विचाराल, तर चार दिवस हाती असतील आणि ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांचा सहवास मुलाला रोजचा असेल, तर साधे बोलणेच घ्यावे. मूल पुण्या-मुंबईहून दोन दिवसांसाठी आले असेल, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखा डबा नसतो. तेथे यमक बरे. लाजाळू मुलासाठी प्रश्नांची तऱ्हा सोपी वाटते खरी, पण उत्तराची वाट पाहत सर्वांसमोर उभे राहणे त्यालाच सर्वांत जड जाते, म्हणून ती बोलक्या मुलाला द्यावी. बारशात अर्थातच बाळाशी सहवास नसतो. तेथे मुलाने पाळण्यापाशी काय पाहिले, ते विचारून ओळी कराव्यात.

कार्यक्रमाच्या दिवशी भाचीने पहिल्या दोन ओळी ठरल्याप्रमाणे म्हटल्या. तिसरीला ती आबाजींकडे वळली आणि ‘दहावीपर्यंत’ऐवजी ‘बारावीपर्यंत’ म्हणाली. मी समोरून ओठ हलवणार होते, पण आबाजींनी तोवर मान डोलावली होती. सोमवारी सकाळी गेटपाशी त्यांनी झाकण नेहमीप्रमाणे दाबून पाहिले, असे भाचीने फोनवर सांगितले; आता तिची लहान चुलत बहीणही आपला डबा पुढे करते म्हणे.