रात्रीचं जेवण सोडावं की अर्धं करावं?

परभणीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कापड दुकानात नोकरी, दिवसभर उभं राहणं, रात्री साडेनऊला घरी. वजन 84 किलो, पोट सुटलंय, व्यायामाची सवय नाही. रात्रीचं जेवण बंद केलं तर चरबी लवकर उतरेल का, असं त्यांनी विचारलंय.

उतरू शकते. पण ती उतरते दिवसभराच्या खाण्याची गोळाबेरीज कमी झाली म्हणून. ताट दुपारचं काढलं की रात्रीचं, याने फारसा फरक पडत नाही. म्हणून दोन्ही वाटांचा हिशोब मांडून बघू.

आत्ताचं त्यांचं रात्रीचं ताट असं: ज्वारीच्या तीन भाकरी, वांग्याचं तर्रीदार कोरड्यास, दोन चमचे शेंगाची चटणी आणि तिच्यावर चमचाभर कच्चं तेल. साधारण 60 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत 200 कॅलरी धरा. सगळं मिळून आकडा 900 च्या आसपास जातो.

पहिली वाट, जेवण सरळ बंद. कागदावर 900 वाचल्या. पण साडेनऊला उपाशी घरी आलेला माणूस अकरा वाजता काय करतो? डबा उघडतो. वाटीभर चिवडा 250. वर मूठभर शेंगदाणे. माझी मूठ मी काट्यावर मोजली तर 35 ग्रॅम भरली, म्हणजे 200 कॅलरी. सकाळी भूक अनावर, पोह्यांची दुसरी प्लेट, आणखी 250. अशा रीतीने 900 पैकी 700 परत आल्या, आणि त्या माणसाला मात्र प्रामाणिकपणे वाटतं की आपण रात्री जेवलोच नाही. मला भेटलेले बहुतेक नवखे इथंच अडकतात. त्यांच्या मनाचा कच्चेपणा मी यात धरत नाही. दुपारी दोननंतर पोटात काही नसेल तर असंच होणार.

दुसरी वाट, ताट अर्धं. एक भाकरी 200, वाटीभर घट्ट वरण 100, एकच चमचा तेल मोजून केलेली भाजी 80, कोरडी चटणी एक चमचा 55, सोबत कांदा, काकडी, मुळा हवा तेवढा. बेरीज 435. दुकानात सहा वाजता 30 ग्रॅम फुटाणे खा, त्याचे 110 धरा. तरी रोज साधारण 350 कॅलरी वाचतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी, म्हणजे आठवड्याला 300 ग्रॅमच्या आसपास. आकडा लहान दिसतो, पण तीन महिन्यांनी तो साडेतीन ते चार किलोच्या घरात जातो, आणि भाकरी सुटत नाही.

भाकरीला उगीच दोष दिला जातो. या ताटातलं तेल आणि शेंगदाणे आधी बघा. करडईचं असो की सोयाबीनचं, कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी असतात. कढईत पळीनं तेल ओतलं की मोजमाप संपलं. चहाचा छोटा चमचा वापरा, एका चमच्याला साधारण 45 धरा.

जेवण सोडणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली दिसतो आणि खात्री पटते. त्यातला मोठा भाग पाण्याचा असतो. शरीरातली साठवलेली साखर खर्च झाली की तिच्याबरोबर धरलेलं पाणीही जातं, आणि दोन दिवस नीट जेवलात की ते परत येतं. म्हणून रोज सकाळी शौचानंतर, पाणी प्यायच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. शिंप्याच्या टेपनं बेंबीजवळचा घेर पंधरा दिवसांनी मोजा. वजन उतरलं आणि घेर जागेवरच राहिला, तर अजून थांबा.

जेवण सोडणं कुणाला जमतं? ज्याचं दुपारचं जेवण तीनला होतं, ज्याला रात्री खरंच भूक नसते, आणि जो दिवसा डाळ, उसळ, दही, अंडी पुरेशी खातो त्याला. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात. परभणीच्या वाचकाचं दुपारचं जेवण एकला उरकतं. साडेनऊपर्यंत साडेआठ तास होतात. त्यांना मी अर्धं ताटच सांगेन.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. काही औषधांवर रात्री उपाशी झोपलं की साखर फार खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनीही जेवण सोडू नये.

चौदा दिवस अर्धं ताट करून बघा. संध्याकाळी सातनंतर तोंडात गेलेला प्रत्येक घास वहीत लिहा, चिवड्याचा बकाणासुद्धा. सरासरी वजन जागचं हललं नाही, तर आधी ती वही आणि तेलाचा चमचा तपासा. तिथं काही सापडलं नाही, तरच दुपारच्या ताटातली एक भाकरी कमी करा.