नळस्टॉप ते नारायण पेठ : सात महिने रूट प्लॅनर वापरल्यानंतर

पुण्यात ऑफिसला सायकलने जायचं ठरवलं तेव्हा पहिली चूक केली ती हीटमॅपवर विसंबण्याची. राइड नोंदवणाऱ्या एका ॲपच्या हीटमॅपवर कर्वे रस्ता झगझगीत दिसत होता. एवढे लोक जातात म्हणजे रस्ता बरा असणार, असं वाटलं. तिसऱ्याच दिवशी सकाळी साडेनऊला डावीकडे थांब्याकडे वळणारी बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये अडकलो. नंतर उमगलं, त्या चमकदार रेषेत रविवारी पहाटे सहाला सिंहगडाकडे निघणारेही मोजलेले असतात. किती लोक गेले ते हीटमॅप सांगतो, पण किती वाजता आणि कसल्या रहदारीत गेले, ते त्यात दिसत नाही.

मग BRouter कडे वळलो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर चालणारा हा मोफत प्लॅनर आहे. त्यातलं ‘ट्रेकिंग’ प्रोफाइल मोठ्या रस्त्यापेक्षा गल्लीला झुकतं माप देतं आणि चढही हिशोबात धरतं. पण मला सगळ्यात उपयोगी पडली ती ‘नो-गो’ची सोय. जो चौक टाळायचा, त्यावर वर्तुळ काढायचं, की रस्ता त्याला वळसा घालून आखला जातो. सायकलवाल्याची खरी भीती सरळ रस्त्यापेक्षा चौकात असते, त्यातही उजवीकडे वळताना, कारण तेव्हा डावी कड सोडून वाहनांच्या मधून जावं लागतं. म्हणून कर्वे रस्त्यावरच्या अशा दोन वळणांवर वर्तुळं काढली. नवा रस्ता निघाला लॉ कॉलेज रोड, प्रभात रोड, डेक्कन आणि पुढे नदी. सुमारे सातशे मीटर जास्त पडतात. या वाटेची जीपीएक्स फाइल ओएसमँड या मोबाइलवरच्या नकाशा-ॲपमध्ये टाकली की नेट नसतानाही वाट दिसते.

नदीपाशी मात्र डोकं आपलंच वापरावं लागतं. प्लॅनर भिडे पुलावरून नेतो, पण खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पूल पाण्याखाली जातो आणि नकाशावर मात्र तसाच राहतो. जुलैत एकदा बॅरिकेडपर्यंत जाऊन परत फिरलो. आता झेड पुलावरून जाणारी दुसरी फाइल तयार ठेवली आहे. त्या पुलावर चारचाकी नसतात, त्यामुळे कोरड्या दिवसांतही बऱ्याचदा तोच घेतो.

राइडची नोंद अजूनही करतो, पण वेग बघायला नाही. एकूण वेळ आणि चालता वेळ यांतला फरक, म्हणजे थांबण्यात गेलेला वेळ, बघतो. कर्वे रस्त्याने जाताना तो आठ-नऊ मिनिटं असायचा, गल्ल्यांतून तीनच्या आसपास येतो. म्हणजे अंतर वाढूनही पोचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. सायकल थांबली की नोंदही थांबवणारं ऑटो-पॉज चालू असेल तर थांबलेला वेळ नोंदीतूनच गळून पडल्यासारखा वाटतो. त्यामुळे दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतात ना, ते आधी तपासा.

प्रभात रोडजवळच्या एका गल्लीचं फाटक सकाळी दहापर्यंत बंद असतं. ते नकाशावर कुणी नोंदवलेलं नव्हतं, मीच नोंदवलं. काही दिवसांनी प्लॅनरने ती गल्ली सुचवणं थांबवलं.