चवथीला घेतलेली डेटा केबल: शिगम्यापर्यंतचा अनुभव

चवथीच्या आधी म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानातून ही केबल घेतली. एका टोकाला साधा यूएसबी, दुसऱ्याला टाइप-सी, वर विणीचं आवरण, किंमत तीनशेच्या आत. पाकिटावर ‘चार्जिंग आणि डेटा’ छापलेलं, बिलावर एक वर्षाची वॉरंटी. आवरण अजून कुठे उसवलेलं नाही, पिन सैल झालेली नाही. नुसत्या चार्जिंगला हवी असेल तर हिच्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. पण माझं काम जत्रा-पालख्यांच्या व्हिडिओंचं. ते फोनवरून संगणकावर उतरवायला वाय-फायवर बसलं तर रात्र जाते.

सुरुवातीचे महिने छान गेले. मग फोनकडची मान जरा वाकली की संगणक ‘जोडलं-तुटलं’चा आवाज करायला लागला आणि कॉपी अर्ध्यावर थांबायची. त्याच सुमारास चार्जरवर लावल्यावर फोनवर येणारी `Fast charging` ही ओळही गायब झाली. शिगम्याचे व्हिडिओ उतरवायच्या वेळी तर फोन संगणकाला दिसेचना. बॅटरी मात्र निवांत भरत होती.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. अशा केबलमध्ये मुख्य तारा चार: लाल आणि काळी विजेच्या, हिरवी आणि पांढरी डेटाच्या. डेटाच्या तारा सहसा बारीक असतात, त्यामुळे वाकून वाकून आधी त्या तुटतात. साध्या यूएसबी टोकाच्या केबलवर बरेच चार्जर जलद चार्जिंगची बोलणी याच दोन तारांवरून करतात. तारा गेल्या की बोलणी होत नाहीत आणि फोन हळू गतीवर येतो. म्हणून ती ओळ दिसेनाशी झाली, तर संगणकाला लावायच्या आधीच संशय घ्यावा. (मुळात डेटाच्या तारा नसलेल्या स्वस्त केबलही बाजारात असतात. ही त्यातली नव्हती, कारण आधी व्हिडिओ उतरत होते.)

दुकानात नेली तर दुकानदाराने ती चार्जरला लावली, फोनवर विजेचं चिन्ह आलं आणि तो म्हणाला, “चार्जिंग जाता मरे, आनीक कितें जाय?” त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, त्याच्या तपासणीत हा दोष दिसणारच नव्हता. काउंटरवर गर्दी, बोलून उपयोग नव्हता. घरी येऊन पत्र लिहिलं आणि बिलाच्या झेरॉक्ससह दिलं:

“स.न.वि.वि. सोबतच्या बिलावरील केबल आपल्याकडून घेतली. पाकिटावर ‘चार्जिंग आणि डेटा’ असे छापले आहे. आता तिच्यावर चार्जिंग होते, पण फोन संगणकाला दिसत नाही. त्याच फोनला आणि त्याच संगणकाच्या त्याच पोर्टला दुसरी केबल लावली की फोन लगेच दिसतो. ही केबल दुसऱ्या फोनला, दुसऱ्या संगणकाला लावली तरी फक्त चार्जिंग होते. म्हणजे दोष केबलमध्येच आहे. चार्जरवर तो कळणार नाही. कृपया आपल्या बिलिंगच्या संगणकाला लावून पाहावे. वॉरंटीची मुदत बाकी असल्याने केबल बदलून द्यावी. बदली केबलही डेटाची असावी व देण्यापूर्वी माझ्यासमोर जोडून पाहावी, ही विनंती.”

सगळा जोर त्या अदलाबदलीच्या तपासणीवर आहे. नुसतं ‘डेटा चालत नाही’ लिहिलं असतं तर फोनचं सेटिंग बघा, असं उत्तर आलं असतं. तेही रास्त आहे, कारण अँड्रॉइड फोन जोडल्यावर आधी चार्जिंगवरच राहतो आणि सूचनेतून `File transfer` निवडावं लागतं. फरक असा, की केबल चांगली असेल तर ती सूचना तरी येते. माझ्या केबलवर सूचनाच येत नव्हती. दुसरी केबल लावताच आली.

कायदा पत्रात घातला नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. पण रोज ज्याच्या दारावरून जायचं त्याला पहिल्याच पत्रात कलम दाखवणं मला बरं वाटत नाही. नकार आला असता तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर होताच.

दुकानदाराने पत्र वाचलं, केबल बिलिंगच्या संगणकाला लावली, मग ड्रॉवरमधली स्वतःची लावली. स्वतःच्या केबलवर फोन दिसला. पुढे वाद झाला नाही, त्याच कंपनीची दुसरी केबल समोर तपासून दिली. वॉरंटी मात्र जुन्या बिलाच्या तारखेपासूनच चालू राहील असं त्याने बिलाच्या मागे लिहून दिलं, म्हणजे येत्या चवथीला संपेल. नवी केबल मी आता मान सरळ राहील अशी लावतो आणि फोन चार्जिंगला असताना हातात घेऊन बघत बसत नाही. चार्जिंगसाठी पाचपैकी चार, डेटासाठी अडीच.